पुढच्या फ्रेमची वाट पाहणारा टीव्ही

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी कार्ट्रिजचा व्हिडिओ गेम होता, त्यांना बदकं मारायची ती प्लॅस्टिकची बंदूक आठवत असेल. टीव्हीवर नेम धरायचा, चाप ओढायचा आणि बदक खाली. आज माळ्यावरून तो संच काढून नव्या एलईडी टीव्हीला जोडला तर गेम व्यवस्थित सुरू होतो, पण बंदुकीनं एकही बदक पडत नाही. बंदूक बिघडलेली नसते. चाप ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करायचा आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन दाखवायचा. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला काळ्यानंतर पांढरा उजेड दिसला, तर नेम बरोबर. हा उजेड एका फ्रेमच्या आत, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागात, दिसेल असं गेम धरून चालतो. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही तेवढ्या वेळात तो दाखवायचा. नवा टीव्ही तोच चौकोन थोडा उशिरा दाखवतो आणि तोवर गेमनं ‘नेम चुकला’ असा निकाल देऊन टाकलेला असतो. ही बंदूक नव्या टीव्हीवर न चालण्याची आणखीही कारणं आहेत, पण एवढं एक पुरेसं आहे.

या उशिरालाच इनपुट लॅग म्हणतात. एचडीएमआयच्या वायरमधून चित्र टीव्हीत शिरलं तेव्हापासून ते पडद्यावर उमटेपर्यंतचा हा वेळ. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. सिनेमा पाहताना त्याचा पत्ताही लागत नाही, कारण चित्र आणि आवाज दोन्ही टीव्ही सारखेच उशिरा देतो. हातात कंट्रोलर आला की मात्र तो जाणवतो. बटण आत्ता दाबलं, खेळाडू जरा वेळानं हलला. मुलं म्हणतात, ‘गेम जड वाटतोय.’ बऱ्याचदा गेम जड नसतो आणि कन्सोलही मंद नसतो. टीव्ही वाट पाहत बसलेला असतो.

कशाची वाट? पुढच्या चित्राची. नव्या टीव्हीच्या आत एक प्रोसेसर असतो आणि आलेलं प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, सुधारण्याचं काम त्याच्याकडे असतं. त्यातलं सर्वात वेळखाऊ काम म्हणजे हालचाल गुळगुळीत करणं. समजा चेंडू एका फ्रेममध्ये पडद्याच्या डाव्या कडेला आहे आणि पुढच्या फ्रेममध्ये मध्यावर. टीव्हीला या दोन्हींच्या मधली एक फ्रेम स्वतः तयार करून घालायची आहे. त्यासाठी चेंडू कुठून निघाला एवढं माहीत असून भागत नाही, तो कुठे पोहोचला हेही कळायला हवं. म्हणजे दुसरी फ्रेम हातात येईपर्यंत मधली तयार करता येत नाही आणि तोवर पहिली अडवून धरावी लागते. सेकंदाला साठ फ्रेम येत असतील तर एक फ्रेम अडवणं म्हणजे जवळजवळ 17 मिलिसेकंद. हालचालीचा अंदाज पक्का व्हावा म्हणून टीव्ही दोन-तीन फ्रेमही साठवतो. शिवाय हिशेब करायला लागणारा वेळ वेगळा.

कितीही वेगवान प्रोसेसर बसवला तरी ही वाट पाहणं टळत नाही, आणि हा मुद्दा नीट लक्षात घ्यायला हवा. हिशेब पटकन होईल, पण जी फ्रेम अजून कन्सोलमधून निघालेलीच नाही ती टीव्हीला पाहता येणार नाही. म्हणून महागड्या टीव्हीतही नेहमीच्या मोडमध्ये लॅग भरपूर असू शकतो. उलट, तिथे चित्र सुधारण्याची कामं जास्त असतात. दाणेदार खरखर काढून टाकण्यासाठी टीव्ही लागोपाठच्या फ्रेम एकमेकींशी ताडून पाहतो. पडद्यामागचे दिवे कुठे मंद आणि कुठे प्रखर करायचे हे ठरवण्यासाठी आधी पूर्ण चित्र तपासतो. कमी रेझोल्यूशनचं चित्र फोर-के पडद्यावर ताणताना कडा नीट करतो. प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा वेळ साचत जातो.

गेम मोड चालू केला की टीव्हीचा वेग वाढत नाही. चित्र एका आखूड वाटेनं पडद्याकडे पाठवलं जातं. हालचाल गुळगुळीत करणं बंद होतं, फ्रेम ताडून खरखर काढणं बंद होतं, दिव्यांचा हिशेब सोपा केला जातो, आणि फ्रेम साठवण्याची जागा शक्य तितकी लहान होते. नेहमीच्या मोडमध्ये अनेक टीव्हींचा लॅग 50 ते 120 मिलिसेकंदांच्या दरम्यान असतो. गेम मोडमध्ये तो सेकंदाला साठ फ्रेमच्या चित्रासाठी 10 ते 20 पर्यंत खाली येतो. ज्यांचा पॅनेल 120 हर्ट्झचा आहे आणि ज्यांना तसं चित्र देणारा कन्सोल जोडलेला आहे, अशा टीव्हींवर तो आणखी कमी होतो.

मग नेहमीच्याच मोडमध्ये राहून मेनूत जाऊन एकेक सुधारणा हातानं बंद केली तर? बऱ्याच जणांना हा मार्ग आवडतो, कारण गेम मोडचा रंग त्यांना पसंत नसतो. काही टीव्हींवर त्यानं थोडा फरक पडतोही. पण पुष्कळ टीव्हींमध्ये सुधारणा बंद केल्या तरी चित्र त्याच लांबच्या वाटेनं जातं. कामं होत नाहीत, पण फ्रेम साठवून पुढे सरकवण्याची व्यवस्था तशीच राहते. ‘फिल्ममेकर मोड’चंही तेच. त्यात चित्रावरचे बहुतेक संस्कार बंद असतात, पण तो सिनेमा दिग्दर्शकाला हवा तसा दिसावा म्हणून केलेला आहे, हाताच्या वेगासाठी नाही. लॅग खात्रीनं कमी करायचा तर गेम मोडच लावावा.

टीव्हीच्या परीक्षणांत छापलेल्या आकड्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पडदा चित्र एकदम उमटवत नाही. वरून खाली ओळीओळीनं काढत नेतो. साठ फ्रेमच्या चित्रात वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जायला सुमारे 17 मिलिसेकंद लागतात. लॅग मोजताना सहसा पडद्याच्या मध्यावर सेन्सर धरतात, त्यामुळे त्या आकड्यात साधारण 8 मिलिसेकंद निव्वळ वरून मध्यापर्यंत येण्याचे असतात. म्हणून 10 मिलिसेकंदांचा टीव्ही म्हणजे स्वतःहून जेमतेम दोन मिलिसेकंद घेणारा टीव्ही. असा 10 चा आणि दुसरा 13 चा, यांतला फरक खेळणाऱ्याच्या हाताला कळणं कठीण. 13 आणि 100 यांतला फरक मात्र कुणालाही कळेल, आणि तो बहुतेक वेळा एका सेटिंगचा असतो.

हा फरक खेळात नेमका कुठे लागतो ते एका उदाहरणानं पाहू. ‘स्ट्रीट फायटर 6’ हा 2023 साली आलेला मारामारीचा गेम आहे. तो सेकंदाला साठ फ्रेमवर चालतो आणि त्याचे खेळाडू वेळ सेकंदांत नव्हे, फ्रेममध्येच मोजतात. त्यात ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ नावाचा एक जोरदार फटका आहे. तो सुरू होताच पात्राभोवती रंगांचे मोठे फटकारे उडतात आणि फटका 26 व्या फ्रेमला येऊन लागतो. समोरच्यानं तो वेळेत ओळखून स्वतःचाही ड्राइव्ह इम्पॅक्ट मारला, तर आधीचा फटका पचवून उलट वार करता येतो. 26 फ्रेम म्हणजे सुमारे 433 मिलिसेकंद. एवढ्यात डोळ्यांनी पाहायचं, मेंदूनं ओळखायचं, बोटांनी बटण दाबायचं आणि ते दाबणं गेमपर्यंत पोहोचायचं.

आता वजाबाकी करू. कंट्रोलर, कन्सोल आणि गेम यांना मिळून स्वतःचा वेळ लागतोच. तो आपण 60 मिलिसेकंद धरू. टीव्ही गेम मोडमध्ये असेल आणि त्याचा लॅग 10 असेल, तर खेळाडूच्या वाट्याला सुमारे 363 मिलिसेकंद उरतात. टीव्ही नेहमीच्या मोडमध्ये असेल आणि लॅग 100 असेल, तर उरतात 273. एखादा दिवा लागताच बटण दाबा, एवढंच काम असेल तर धडधाकट तरुणाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. पण खेळताना दिवा एकच नसतो. समोरचा पुढे येईल का, उडी मारेल का, वाकून लाथ घालेल का, हे सगळं एकाच वेळी डोक्यात असतं, आणि अनेक शक्यतांतून एक ओळखून उत्तर द्यायचं असेल तर माणसाला 300 मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. 363 मध्ये हे बसतं. 273 मध्ये बसत नाही. तोच खेळाडू, तोच कन्सोल, तोच हात, पण एका टीव्हीवर जो फटका ओळखून उलटवता येतो तो दुसऱ्यावर फक्त नशिबानं अडतो. सरावानं ही तूट भरून निघत नाही, कारण ती खेळाडूच्या शरीरात नाही.

सगळ्याच गेमना ही तूट सारखी लागत नाही. क्रिकेटच्या गेममध्ये गोलंदाज धावत येताना दिसतो, चेंडूचा टप्पा दिसतो, आणि हळूहळू हात लॅगशी जुळवून घेतो. फलंदाज नकळत थोडं आधी बटण दाबू लागतो. मग एके दिवशी कुणी गेम मोड चालू करून दिला तर पहिली काही षटकं सगळे फटके लवकर बसतात आणि झेल उडतात. ती नव्या सेटिंगची खोट नव्हे, जुन्या सवयीची आहे. ती मोडायला थोडा वेळ द्यायचा. संगीताच्या तालावर बटणं दाबायच्या गेममध्ये ही अडचण फार आधी लक्षात आली होती. म्हणून त्यांच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा उशीर मोजून गेमला सांगायची सोय असते. 2008 सालच्या ‘रॉक बँड 2’ च्या गिटारमध्ये तर उजेड ओळखणारा सेन्सर आणि माइक बसवलेले होते. गिटार टीव्हीसमोर धरली की ती चित्र आणि आवाज किती उशिरा येतात हे स्वतःच मोजायची. तालाच्या गेममध्ये हा उपाय चालतो, कारण गाणं आधीच ठरलेलं असतं आणि गेम नोंदी मागेपुढे सरकवू शकतो. समोर जिवंत प्रतिस्पर्धी असेल तर सरकवायला काहीच नसतं. पत्ते, कोडी, बुद्धिबळ, सावकाश गावं वसवायचे गेम यांत लॅग असला काय नि नसला काय.

आपल्या घरच्या टीव्हीवर किती फरक पडतो हे मोजायला यंत्र लागत नाही. आजच्या अनेक फोनच्या कॅमेऱ्यात सेकंदाला 240 फ्रेमचं स्लो मोशन असतं. कंट्रोलर टीव्हीसमोर असा धरा की बटणावरचं बोट आणि पडदा दोन्ही एकाच चित्रात येतील. गेममध्ये अशी क्रिया निवडा जी बटण दाबताच सुरू होते. उडी चालेल, लांबलचक तयारी करून मारलेला फटका चालणार नाही. आठ-दहा वेळा उडी मारून चित्रण करा आणि मग ते फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत, बटण पूर्ण दाबलं गेल्यापासून पात्र हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. फोनची प्रत्येक फ्रेम सुमारे 4.2 मिलिसेकंदांची. समजा नेहमीच्या मोडमध्ये सरासरी 38 फ्रेम आल्या आणि गेम मोडमध्ये 18, तर वाचलेल्या 20 फ्रेम म्हणजे सुमारे 83 मिलिसेकंद. एकेका उडीत चारेक फ्रेमचा फरक येईल. बटण कधी गेमच्या फ्रेमच्या सुरुवातीला दाबलं जातं, कधी शेवटाला, म्हणून तसं होतं. त्यामुळे एका उडीवर निष्कर्ष काढू नये. आणि उरलेल्या 18 फ्रेम म्हणजे सगळा टीव्हीचा लॅग असंही समजू नये. त्यात कंट्रोलर, गेम आणि कन्सोल यांचा वाटा मोठा आहे. या पद्धतीनं भरवशाचा मिळतो तो फरक.

मोड चालू करण्याची जागा प्रत्येक कंपनीनं वेगळी ठेवली आहे. सोनीच्या टीव्हीत चित्राचे जे मोड असतात त्यांतच Game असतो. एलजीच्या नव्या टीव्हीत त्याला Game Optimizer नाव आहे. सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींत तो चित्राच्या मेनूत सापडत नाही, External Device Manager या भागात Game Mode म्हणून असतो. बहुतेक टीव्हींवर ही सेटिंग प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी स्वतंत्र लक्षात ठेवली जाते. म्हणजे कन्सोलच्या पोर्टवर गेम मोड आणि सेट-टॉप बॉक्सच्या पोर्टवर नेहमीचा, अशी व्यवस्था एकदा लावली की पुन्हा हात लावावा लागत नाही. याच कारणानं कन्सोलची वायर दुसऱ्या पोर्टमध्ये घातली की सेटिंग गेल्यासारखी वाटते. टीव्हीतल्याच यूट्यूब किंवा इतर ॲपमध्ये असताना हा पर्याय अनेकदा करडा, बंद दिसतो. त्यात बिघाड नाही. तो बाहेरून आलेल्या चित्रासाठीच आहे.

नव्या कन्सोल आणि टीव्हींच्या जोडीत हे काम आपोआप होण्याची सोय आहे. तिला एएलएलएम म्हणतात, आणि एचडीएमआय 2.1 या मानकाबरोबर ती आली. गेम सुरू झाला की कन्सोल टीव्हीला तसा इशारा देतो आणि टीव्ही स्वतः आखूड वाटेवर जातो. त्याच कन्सोलवर सिनेमा लावला की परत येतो. पण ही सोय दोन्ही बाजूंना चालू असावी लागते, आणि टीव्हीत ती कधी कधी बंद करून ठेवलेली असते. मध्ये जुना ॲम्प्लिफायर किंवा स्प्लिटर असेल तर इशारा वाटेतच हरवू शकतो. म्हणून आपोआप होईल म्हणून सोडून न देता, गेम चालू असताना एकदा मेनू उघडून कोणता मोड लागला आहे ते पाहावं. आणखी एक जागा तपासावी. काही टीव्हींत गेम मोडच्या आतच हालचाल गुळगुळीत करण्याचा वेगळा पर्याय दिलेला असतो. तो चालू केला की वाचवलेला वेळ पुन्हा खर्च होतो.

गेम मोडमुळे जे जात नाही तेही माहीत असावं, नाहीतर लोक टीव्हीलाच दोष देत राहतात. ऑनलाइन गेममध्ये माणसं अडखळत हलतात, मागे खेचली जातात, तो इंटरनेटचा उशीर. टीव्हीचा त्याच्याशी संबंध नाही. गेम सेकंदाला तीसच फ्रेम काढत असेल तर प्रत्येक फ्रेम 33 मिलिसेकंदांची, आणि तो जडपणा टीव्ही काढू शकत नाही. हलत्या वस्तूमागे धुरकट शेपूट दिसतं, तो पॅनेलचे ठिपके रंग बदलायला वेळ घेतात त्याचा दोष. खोक्यावर ‘1 मिलिसेकंद’ असं छापलेलं असतं ते सहसा या ठिपक्यांबद्दल असतं, इनपुट लॅगबद्दल नाही, आणि खरेदी करताना इथेच सर्वात जास्त फसगत होते. दुकानात इनपुट लॅगच विचारावा, आणि तोही गेम मोडमधला. फोनवरचं चित्र बिनवायरीनं टीव्हीवर पाठवून त्यावर गेम खेळायचा प्रयत्नही असाच वाया जातो. तिथे चित्र दाबून, हवेतून पाठवून, पुन्हा उलगडण्यातच इतका वेळ जातो की टीव्हीनं वाचवलेला वेळ त्यात बुडून जातो.

मग गेम मोड कायमचा चालू का ठेवू नये? नवीन चांगल्या टीव्हींवर त्यात चित्र फारसं बिघडत नाही, हे खरं. तरी किंमत द्यावी लागते. काही टीव्हींवर अंधाऱ्या दृश्यातला काळा रंग करडा होतो, कारण मागच्या दिव्यांचा हिशेब ढोबळ झालेला असतो. अनेकदा रंग निळसर, थंड लावलेले असतात. हे मात्र मेनूत जाऊन उबदार करता येतं आणि त्यानं लॅग वाढत नाही. सर्वात ठळक फरक दिसतो तो डीटीएचवर. आपल्याकडचे बहुतेक एचडी चॅनेल 1080i पद्धतीनं येतात. त्यात एका वेळी पूर्ण चित्र नसतं. आधी एकाआड एक ओळी येतात आणि मग उरलेल्या. त्या नीट सांधायला टीव्हीला मागचंपुढचं पाहावं लागतं, आणि गेम मोडमध्ये नेमकी तीच मुभा कमी केलेली असते. सेट-टॉप बॉक्सचं आउटपुट 1080i वर असेल तर गेम मोडमध्ये क्रिकेट सामना लावून पाहा. सीमारेषेची दोरी आणि खाली धावणारी अक्षरं करवतीसारखी दातेरी दिसू लागतात. जुन्या डीव्हीडींनाही हेच होतं. सिनेमा आणि मालिका पाहताना डोळे कशाचीच घाई करत नाहीत, तेव्हा टीव्हीला सावकाश काम करू द्यावं.

म्हणून मी एकच प्रश्न विचारून ठरवतो: पडद्यावरचं चित्र कुणाच्या हाताच्या हालचालीला उत्तर देतं आहे का? देत असेल तर गेम मोड चालू. यात गेम नसलेलीही एक जागा येते आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. लॅपटॉप वायरनं टीव्हीला जोडून काम करताना माउसचा बाण तरंगत, हातामागून येतो, लिहिलेलं अक्षर क्षणभरानं उमटतं. शिकवण्या घेणारे, मोठ्या पडद्यावर हिशेबाची शीट उघडणारे यांना हे रोज सोसावं लागतं. त्यांनी गेम मोड लावून पाहावा. काही टीव्हींत त्या पोर्टला PC असं नाव दिलं तरी लॅग कमी होतो, आणि बारीक रंगीत अक्षरंही स्पष्ट दिसतात.

ज्यांच्याकडे साउंडबार आहे त्यांना मोड बदलल्यावर आणखी एक काम करावं लागू शकतं. नेहमीच्या मोडमध्ये उशिरा येणाऱ्या चित्राशी ओठ जुळावेत म्हणून कुणीतरी आवाजालाही उशीर लावून ठेवलेला असतो. गेम मोडमध्ये चित्र आधी येतं आणि तो लावलेला उशीर तसाच राहतो. मग बंदूक आधी चमकते आणि आवाज मागून येतो. अशा वेळी साउंडबारच्या किंवा टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो उशीर शून्यावर आणावा. ब्लूटूथनं जोडलेल्या साउंडबारला किंवा हेडफोनला मात्र शून्यावर आणूनही आवाज मागेच राहतो, कारण तो उशीर ब्लूटूथचा स्वतःचा असतो. तिथे वायर वापरावी.